डोकेदुखी, घाम, वाढलेला रक्तदाब आणि मेटानेफ्रिनची चाचणी: आकड्यावर विश्वास ठेवता येईल अशी ती कशी करायची

माझ्यासमोर 46 वर्षांच्या बाई बसल्या होत्या. हातात जाडजूड फाईल, आणि तिच्यात सगळ्यात वर एक रिपोर्ट. त्यात नॉर्मेटानेफ्रिन 1.6 नॅनोमोल प्रति लिटर आलं होतं. प्रयोगशाळेची वरची मर्यादा 0.9, त्यामुळे आकडा ठळक अक्षरांत छापलेला. खालच्या ओळीत मेटानेफ्रिन 0.25, मर्यादा 0.45, म्हणजे ते व्यवस्थित होतं. रिपोर्टच्या तळाशी ‘फिओक्रोमोसायटोमाची शक्यता’ अशी छापील ओळ होती. बाईंनी तो शब्द घरी शोधून वाचला होता आणि त्या दोन रात्री झोपल्या नव्हत्या.

मी आकड्याविषयी काही बोलण्याआधी विचारलं, “रक्त कसं घेतलं, ते आठवतंय का?”

त्यांना सगळं आठवत होतं. लिफ्ट बंद होती म्हणून त्या तीन जिने चढून गेल्या. खुर्चीत बसल्या. पहिल्यांदा शीर सापडली नाही, दुसऱ्यांदा सुई बाहेर आली, तिसऱ्यांदा रक्त मिळालं. येण्यापासून निघेपर्यंत पंधरा मिनिटंही लागली नाहीत. सकाळी कॉफी घेतली होती का? हो, कारण ‘उपाशी या’ असं कुणी सांगितलंच नव्हतं. रोज कुठल्या गोळ्या घेता? अर्धशिशीसाठी रात्री अ‍ॅमिट्रिप्टिलिन 25 मिलिग्रॅम, आणि नाक चोंदलं की सर्दीची गोळी.

1.6 हा आकडा कुठून आला असेल, याची निम्मी उत्तरं या पाच ओळींतच होती. ही चाचणी कशी करायची, कशी वाचायची आणि आकडा थोडासाच वाढलेला आला तर पुढे काय करायचं, हे याच बाईंच्या निमित्ताने सांगतो.

नेमकं काय मोजलं जातं

मूत्रपिंडांच्या डोक्यावर दोन लहान अ‍ॅड्रिनल ग्रंथी असतात. त्यांच्या गाभ्यातल्या पेशी अ‍ॅड्रेनॅलिन आणि नॉरअ‍ॅड्रेनॅलिन बनवतात. या पेशींची गाठ झाली तर तिला फिओक्रोमोसायटोमा म्हणतात. तशीच गाठ ग्रंथीबाहेर, पोटात, छातीत किंवा मानेत झाली, तर ती पॅरागँग्लिओमा. गाठ मधूनच भरमसाट अ‍ॅड्रेनॅलिन किंवा नॉरअ‍ॅड्रेनॅलिन रक्तात सोडते, आणि मग डोकं ठणकणं, दरदरून घाम, छातीत धडधड, रक्तदाबाची उसळी असा झटका येतो. पुष्कळांचा चेहरा अशा वेळी लाल न होता पांढराफटक पडतो.

प्रश्न असा की गाठ अ‍ॅड्रेनॅलिन सोडते ती अधूनमधून. दोन झटक्यांच्या मधल्या वेळात रक्त घेतलं तर ते नॉर्मल दिसू शकतं. पण गाठीच्या पेशीत साठवलेला माल सतत थोडाथोडा पाझरत असतो, आणि पेशीतलंच एक एन्झाइम त्याचं रूपांतर करत असतं: अ‍ॅड्रेनॅलिनचं मेटानेफ्रिन, नॉरअ‍ॅड्रेनॅलिनचं नॉर्मेटानेफ्रिन. हे काम झटका असो वा नसो, रात्रंदिवस चालतं. म्हणून मेटानेफ्रिन मोजायला झटक्याची वाट पाहावी लागत नाही, आणि म्हणूनच ही चाचणी थेट अ‍ॅड्रेनॅलिन मोजण्यापेक्षा किंवा लघवीतल्या जुन्या व्हीएमए चाचणीपेक्षा सरस ठरली. झटके येणाऱ्या माणसाच्या अंगात खरोखर अशी गाठ असेल, तर ती या चाचणीतून निसटणं फार दुर्मीळ आहे.

उलट बाजूने मात्र ती सहज फसते. नॉर्मेटानेफ्रिन फक्त गाठीतून येत नाही. शरीरभरच्या सिंपथेटिक मज्जातंतूंतून झिरपणाऱ्या नॉरअ‍ॅड्रेनॅलिनपासूनही ते बनतं. उभं राहिलं, जिने चढले, सुई टोचली, थंडी वाजली, विशिष्ट गोळ्या घेतल्या, की ते वाढतं. मेटानेफ्रिन मुख्यतः अ‍ॅड्रिनल ग्रंथीतूनच येतं, त्यामुळे ते इतकं हलत नाही. फक्त नॉर्मेटानेफ्रिन थोडंसं वाढलेलं आणि मेटानेफ्रिन नॉर्मल, असे रिपोर्ट सगळ्यात जास्त दिसतात आणि त्यांतले बहुतेक गाठीमुळे आलेले नसतात.

यातून एक गोष्ट निघते, आणि पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. तयारीतल्या जवळजवळ सगळ्या चुका आकडा वर नेतात, खाली नाही. बसून, घाईत, गोळ्या चालू असताना घेतलेल्या रक्तातही दोन्ही आकडे मर्यादेच्या आत आले, तर त्यावर विश्वास ठेवता येतो. तशाच रक्तात आकडा थोडा वर आला, तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही.

रक्त की लघवी

दोन्ही चाचण्या चांगल्या आहेत. रक्तात ‘प्लाझ्मा फ्री मेटानेफ्रिन’ मोजतात. लघवीत 24 तास गोळा केलेल्या नमुन्यात मेटानेफ्रिन आणि नॉर्मेटानेफ्रिन वेगवेगळे मोजतात. दोन्हींची नुसती बेरीज देणारी ‘टोटल मेटानेफ्रिन’ चाचणी घेऊ नका, कारण एकाची वाढ दुसऱ्याच्या नॉर्मल आकड्यात बुडून जाते. मोजण्याची पद्धत विचारायला संकोच करू नका. मास स्पेक्ट्रोमेट्रीने मोजत असतील तर उत्तम. जुन्या पद्धतीत पॅरासिटामॉलसारखी साधी गोळीसुद्धा आकड्यात लुडबूड करते.

निवड करताना मी एकच प्रश्न विचारतो: रुग्णाला अर्धा तास आडवं झोपवून मग रक्त घ्यायची सोय तिथे आहे का? असेल तर रक्त. नसेल तर 24 तासांची लघवी. तिच्यात झोपेचे तासही धरले जातात, त्यामुळे त्या एका क्षणाच्या धावपळीचा तिच्यावर कमी परिणाम होतो. ज्याची मूत्रपिंडं निकामी झाली आहेत, त्याच्या लघवीवर भिस्त ठेवता येत नाही. तिथे रक्तच घ्यायचं. लहान मुलांची 24 तासांची लघवी जमवणं कठीण, त्यामुळे तिथेही रक्त बरं.

रक्त देण्याआधी

आदल्या रात्रीपासून उपाशी राहावं. पाणी चालतं. उपवास विशेषतः तिसऱ्या पदार्थासाठी, मेथॉक्सिटायरामिनसाठी लागतो. काही प्रयोगशाळा तोही मोजतात, आणि डोपामिन बनवणाऱ्या गाठींचा माग त्यावरून लागतो. चहा-कॉफी, तंबाखू-सिगारेट आणि दमवणारा व्यायाम निदान आदल्या रात्रीपासून बंद. जुन्या पद्धतीने मोजणार असतील तर पॅरासिटामॉल पाच दिवस आधी थांबवायचं.

तिथे पोहोचल्यावर लघवीला जाऊन यायचं, म्हणजे पुढचा अर्धा तास उठावं लागणार नाही. मग आडवं व्हायचं. शक्य असेल तर याच वेळी शिरेत छोटी नळी बसवून घ्यावी, म्हणजे टोचण्याची वेदना आणि धास्ती आधीच उरकते. त्यानंतर खोली शांत आणि उबदार हवी, अंगावर पांघरूण हवं, फोन बाजूला हवा, आणि 30 मिनिटं सलग पडून राहायचं. 20 मिनिटांहून कमी तर नकोच. वेळ भरली की उठून बसायचं नाही, पडल्या पडल्याच नळीतून रक्त घेऊ द्यायचं. मी असंही पाहिलं आहे की रुग्णाला अर्धा तास छान झोपवलं आणि रक्त घेताना ‘आता या इकडे खुर्चीत’ म्हटलं. तो सगळा अर्धा तास वाया जातो.

नमुना ईडीटीएच्या नळीत घेऊन लगेच बर्फात ठेवतात आणि त्यातला प्लाझ्मा लवकर वेगळा करतात. हे काम प्रयोगशाळेचं, पण नळी टेबलावर तशीच पडून राहिलेली दिसली तर विचारायचा हक्क तुम्हाला आहे. मर्यादाही पडून घेतलेल्या रक्ताच्याच वापरायला हव्यात. बसून घेतलेल्या रक्ताच्या मर्यादा वरच्या असतात. त्या वापरल्या तर खरी गाठ निसटू शकते. आणि पडून घेतलेल्या रक्ताच्या मर्यादा बसून घेतलेल्या रक्ताला लावल्या, तर खोटे वाढलेले रिपोर्ट जवळजवळ तिप्पट होतात. वय वाढतं तसं नॉर्मेटानेफ्रिनही वाढतं, म्हणून वयानुसार मर्यादा देणारी प्रयोगशाळा मिळाली तर आणखी चांगलं.

24 तासांची लघवी द्यायची असेल तर

इथली चूक घरी होते, आणि ती कुणाला दिसत नाही. समजा सकाळी सात वाजता सुरुवात करायची. सातला उठून पहिली लघवी संडासात सोडून द्यायची आणि वेळ लिहून ठेवायची. ही लघवी आदल्या रात्रीची असते, म्हणून ती धरायची नाही. त्यानंतरची दिवसभराची आणि रात्रीची प्रत्येक लघवी कॅनमध्ये जायला हवी. दुसऱ्या दिवशी सकाळी सातची लघवीही कॅनमध्ये घ्यायची आणि तिथे थांबायचं. लोक बहुतेक वेळा पहिली धरतात आणि शेवटची विसरतात. शौचाला बसल्यावर होणारी लघवीही निसटते. ती आधी वेगळ्या भांड्यात करावी.

कॅनमध्ये आधीच आम्ल घातलेलं असू शकतं. ते ओतून टाकू नका, अंगावर उडू देऊ नका आणि कॅनमध्ये थेट लघवी करू नका. स्वच्छ भांड्यात धरून हळूच ओतायची. कॅन थंड जागी ठेवायचा.

गोळा केलेली लघवी पुरती आहे की नाही, हे क्रिएटिनिनवरून कळतं. म्हणून त्याच नमुन्यात क्रिएटिनिन मोजायला सांगा. बाईंच्या लघवीतून दिवसाला साधारण वजनाच्या प्रत्येक किलोमागे 10 ते 20 मिलिग्रॅम क्रिएटिनिन जातं, पुरुषांच्या 15 ते 25. आता 60 किलो वजनाच्या बाईंच्या रिपोर्टवर 24 तासांत 350 मिलिग्रॅम दिसलं, तर ते 600 च्या आसपास तरी असायला हवं होतं. म्हणजे निम्मीच लघवी कॅनमध्ये आली. हीच ती एक चूक जी आकडा खाली नेते. अशा नमुन्यात मेटानेफ्रिन नॉर्मल आलं तरी त्यावर फाईल बंद करायची नाही.

झटके महिन्यातून एखाद्या वेळीच येत असतील, तर कॅन घरी आणून ठेवावा आणि झटका सुरू झाला की त्या क्षणापासून लघवी गोळा करायला घ्यावी. एरवी झटक्याची वाट पाहायची गरज नाही, पण नॉर्मल रिपोर्टनंतरही संशय दाट उरला असेल तर हा मार्ग उपयोगी पडतो.

गोळ्यांचं काय करायचं

मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हा: “चाचणीआधी सगळ्या गोळ्या बंद करू का?” नाही. स्वतःच्या मनाने तर एकही नाही. क्लोनिडिनसारखी गोळी एकाएकी थांबवली तर रक्तदाब उसळतो आणि नॉर्मेटानेफ्रिनही वाढतं, म्हणजे रुग्णाला धोका आणि चाचणीही बिघडलेली.

अ‍ॅम्लोडिपिनसारख्या, रॅमिप्रिल-टेल्मिसार्टनसारख्या रक्तदाबाच्या गोळ्यांनी आणि डॉक्साझोसिननेही सहसा अडचण येत नाही. आकडा वर नेणाऱ्यांत पहिलं नाव जुन्या प्रकारच्या नैराश्याच्या औषधांचं, म्हणजे अ‍ॅमिट्रिप्टिलिन, इमिप्रामिन. ही औषधं झोप, अर्धशिशी किंवा नसांच्या दुखण्यासाठीही देतात, त्यामुळे ‘मी नैराश्याची गोळी घेत नाही’ असं रुग्ण मनापासून सांगतो. व्हेन्लाफॅक्सिन, ड्युलोक्सेटिन यांचंही तसंच. हीच औषधं मज्जातंतूंमध्ये नॉरअ‍ॅड्रेनॅलिन परत शोषलं जाऊ देत नाहीत, म्हणून ते बाहेर साठतं. फिनॉक्सिबेन्झामिन, लेव्होडोपा, आणि नाक मोकळं करणाऱ्या सर्दीच्या गोळ्यांतलं स्यूडोएफेड्रिन हेही यादीत येतात. लॅबेटॅलॉल आणि सल्फासॅलाझिन काही मोजपद्धतींना फसवतात. झोपेत श्वास अडकण्याचा विकार, दारू सोडल्यानंतरचे पहिले दिवस, गंभीर आजारपणात रुग्णालयात दाखल असणं, यांनीही आकडा वाढतो.

माझी रीत अशी की पहिली चाचणी गरजेची औषधं चालू ठेवूनच करतो. सर्दीच्या गोळ्यांसारखं जे सहज सोडता येतं तेवढंच सोडायला सांगतो. दोन्ही आकडे नॉर्मल आले तर नैराश्याचं औषध थांबवायचा प्रश्नच उरत नाही, आणि ज्या माणसाला त्या गोळीची खरी गरज आहे त्याची फरपट होत नाही. आकडा वाढलेला आला तरच, ज्या डॉक्टरांनी ते औषध दिलं त्यांच्याशी बोलून, ते हळूहळू कमी करत बंद करायचं आणि पूर्ण थांबल्यावर निदान दोन आठवड्यांनी पुन्हा रक्त घ्यायचं.

आकडा कसा वाचायचा

आधी एकक पाहा. काही रिपोर्ट नॅनोमोल प्रति लिटरमध्ये असतात, काही पिकोग्रॅम प्रति मिलिलिटरमध्ये. नॉर्मेटानेफ्रिनच्या पिकोग्रॅमच्या आकड्याला 183 ने भागलं, मेटानेफ्रिनच्या आकड्याला 197 ने भागलं, की नॅनोमोल मिळतात. एकाच माणसाचे दोन ठिकाणचे रिपोर्ट शेजारी ठेवताना हे केलं नाही, तर ‘दीडशे पट वाढलं’ असा घोळ होतो.

मग मर्यादेशी तुलना. आकडा मर्यादेच्या तीन-चार पटींहून जास्त असेल तर गाठ जवळजवळ नक्की समजायची. दोन्ही आकडे एकदम वाढलेले असतील, तर प्रत्येकी वाढ त्याहून कमी असली तरी संशय बळकट होतो. एकटं नॉर्मेटानेफ्रिन दुपटीच्या आत असेल, तर आधी पडून घेतलेल्या रक्तावर पुन्हा चाचणी.

एवढी सावधगिरी का, ते एका साध्या हिशोबातून कळेल. रक्तदाब असलेल्या 1000 जणांत ही गाठ साधारण 2 ते 6 जणांना असते. चाचणी त्या सगळ्यांना पकडते असं धरू. पण निष्काळजीपणे घेतलेल्या चाचणीत उरलेल्यांपैकी शंभरातल्या दहा जणांचा आकडा खोटाच वाढलेला आला असं समजा, तर ते झाले जवळजवळ 100 जण. खरे सहा आणि खोटे शंभर, सगळ्यांच्या हातात सारखाच ठळक छापलेला रिपोर्ट. ठरलेल्या लक्षणांचे झटके असणाऱ्यात गाठीची शक्यता याहून जास्त असते हे खरं, तरी मर्यादेच्या जरा वरचा आकडा पाहून घाबरायचं कारण नाही.

आकडा स्वच्छ असला की काय होतं, त्याचं उदाहरण म्हणून 38 वर्षांचा एक तरुण घ्या. पंधरा-वीस मिनिटांचे झटके, त्यात चेहरा पांढराफटक, रक्तदाब 210/120. नॉर्मेटानेफ्रिन 6.2, मेटानेफ्रिन 2.9. मर्यादा तिथेही 0.9 आणि 0.45, म्हणजे दोन्ही सहा पटींच्या वर. रक्त बसून घेतलं होतं का, हा प्रश्न इथे गौण आहे. बसण्याने सहा पट वाढ होत नाही. मेटानेफ्रिनही वाढलेलं आहे, म्हणजे गाठ अ‍ॅड्रेनॅलिन बनवते आणि बहुतेक अ‍ॅड्रिनल ग्रंथीतच आहे. आता पोटाचा सीटी स्कॅन, डॉक्साझोसिनसारखं अल्फा ब्लॉकर सुरू, मीठ-पाणी भरपूर, आणि निदान एक-दोन आठवड्यांच्या तयारीनंतर शस्त्रक्रिया. यांतल्या जवळपास एकतृतीयांश रुग्णांत मूळ कारण आनुवंशिक असतं, म्हणून जनुकीय तपासणीचं बोलणंही प्रत्येकाशी होतं.

त्या बाईंचं पुढे काय झालं

त्यांची गोष्ट सरळ नव्हती, कारण फाईलमध्ये सीटी स्कॅनही होता. आकडा पाहताच कुणीतरी तो करून घेतला होता, आणि डाव्या अ‍ॅड्रिनलवर 1.4 सेंटिमीटरची गाठ सापडली होती. वाढलेला आकडा आणि जागच्या जागी गाठ. आणखी कुठला पुरावा हवा, असं कुणालाही वाटेल. पण पन्नाशीच्या आसपास शंभरातल्या दोन-चार जणांच्या अ‍ॅड्रिनलवर निरुपद्रवी गाठ असतेच. म्हणूनच आधी रक्ताचा निकाल पक्का करायचा आणि मग स्कॅन, हा क्रम. मी स्कॅनच्या रिपोर्टमध्ये एकच आकडा शोधला: औषध न टोचता घेतलेल्या चित्रात गाठीची घनता 4 हाउन्सफील्ड युनिट होती. फिओक्रोमोसायटोमाची घनता जवळजवळ नेहमीच 10 च्या वर असते. 4 म्हणजे चरबीने भरलेली साधी गाठ.

मग झटक्यांबद्दल नीट विचारलं. ते पाऊण ते दीड तास चालायचे, एरवीच्या गाठीच्या झटक्यांहून लांब. मी त्यांना वहीत चार गोष्टी लिहायला सांगितल्या: झटका सुरू झाल्याची वेळ, त्या वेळचा रक्तदाब, चेहऱ्याचा रंग, आणि आधीच्या तीन तासांत पोटात गेलेली प्रत्येक गोष्ट. दहा दिवसांत तीन झटके आले आणि तिन्ही सर्दीच्या गोळीनंतर दीड-दोन तासांनी. गोळीत स्यूडोएफेड्रिन होतं. डोकं जड झालं की ‘सायनस असेल’ म्हणून त्या ती घेत होत्या.

इथे एक मोह टाळावा लागतो. ‘गोळीमुळे होतंय, गाठ नाही’ असं म्हणून थांबता येत नाही, कारण खरी गाठ असलेल्या माणसालाही हीच गोळी झटका आणू शकते. निकाल रक्तानेच लागायला हवा. सर्दीची गोळी बंद करून, अ‍ॅमिट्रिप्टिलिन चालू ठेवून, अर्धा तास पडून रक्त घेतलं. नॉर्मेटानेफ्रिन 1.6 वरून 1.1 वर आलं, मेटानेफ्रिन 0.23. उतरलं, पण मर्यादेखाली नाही. आता अ‍ॅमिट्रिप्टिलिन तीन आठवड्यांत कमी करत बंद केलं, आणखी दोन आठवडे थांबलो, पुन्हा तशाच पद्धतीने रक्त घेतलं: 0.62 आणि 0.21. दोन्ही नॉर्मल. दरम्यान झटकेही थांबले होते.

तेवढं होऊनही आकडा 1.1 च्या आसपासच राहिला असता, तर क्लोनिडिन सप्रेशन चाचणी केली असती. त्यात पडून रक्त घेतात, 300 मायक्रोग्रॅम क्लोनिडिन तोंडाने देतात आणि तीन तासांनी पुन्हा रक्त घेतात. मज्जातंतूंतून येणारं नॉर्मेटानेफ्रिन या औषधाने खाली येतं, गाठीतून येणारं येत नाही. वाढलेला आकडा 40 टक्क्यांनीही उतरला नाही आणि मर्यादेच्या वरच राहिला, तर तो गाठीतून येतो आहे असं धरतात. रक्तदाब बराच खाली जाऊ शकतो, म्हणून ही चाचणी रुग्णालयात, देखरेखीखालीच.

निकाल लागेपर्यंत

चाचण्या चालू असताना काही गोष्टी कटाक्षाने टाळायच्या. धडधड होते म्हणून एकटं बीटा ब्लॉकर, उदाहरणार्थ प्रोप्रॅनोलॉल, सुरू करू नये. गाठ असेल तर आकसलेल्या रक्तवाहिन्या सैल होण्याची वाट बंद होते आणि रक्तदाब आणखी चढतो. अल्फा ब्लॉकर आधी, मग गरज पडली तर बीटा ब्लॉकर. उलटीसाठी मेटोक्लोप्रमाइड आणि कुठल्याही कारणाने स्टिरॉइडचं इंजेक्शन घेण्याआधी ‘माझी ही तपासणी चालू आहे’ असं डॉक्टरांना सांगावं. दोन्हींनी गाठीचा झटका भडकू शकतो. अ‍ॅड्रिनलच्या गाठीत सुई घालून तुकडा काढण्याचा विचार, रक्ताने फिओक्रोमोसायटोमा नाकारल्याशिवाय, कुणी मांडला तर स्पष्ट नकार द्या.

झटक्यात रक्तदाब 180/120 च्या वर गेला आणि सोबत छातीत दुखणं, धाप, नजर अंधुक होणं, बोबडी वळणं किंवा हात-पाय लुळा पडणं यांतलं काहीही असलं, तर रिपोर्टची वाट पाहायची नाही. तडक रुग्णालयाचा आपत्कालीन विभाग गाठायचा.

बाईंच्या त्या 1.4 सेंटिमीटरच्या गाठीचा एक प्रश्न उरला होता: ती कॉर्टिसोल तर जास्त बनवत नाही ना? त्यासाठी रात्री 11 वाजता डेक्सामेथासोन 1 मिलिग्रॅमची गोळी देऊन सकाळी रक्तातलं कॉर्टिसोल मोजतात. डेक्सामेथासोन हेही स्टिरॉइडच, म्हणून मेटानेफ्रिनचा शेवटचा रिपोर्ट हातात आल्यावरच ती गोळी दिली. सकाळचं कॉर्टिसोल व्यवस्थित दबलेलं होतं. अर्धशिशीसाठी त्यांना नॉरअ‍ॅड्रेनॅलिनशी संबंध नसलेलं दुसरं औषध दिलं, आणि फाईलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: ‘मेटानेफ्रिन नॉर्मल, 30 मिनिटे पडून, अ‍ॅमिट्रिप्टिलिन बंद केल्यावर. स्यूडोएफेड्रिन देऊ नये.’